मोफत व्हिडिओ एडिटर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान फोनवर चित्रीकरण करून संगणकावर जोडकाम करणाऱ्यांसाठी आहे: शिकवणीचे व्हिडिओ, पाककृती, गडवाटा, संस्थेचे कार्यक्रम. चर्चा मुख्यतः चार सॉफ्टवेअरची आहे. शॉटकट, केडनलाइव्ह, ओपनशॉट आणि दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती.

आधी सरळ सांगा, कोणतं घेऊ?

लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर शॉटकट किंवा केडनलाइव्ह. १६ जीबी रॅम, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आणि रंगांवर काम करायची हौस असेल, तर रिझॉल्व्ह. ओपनशॉट शिकायला सगळ्यात सोपं आहे, पण टाइमलाइनवर पन्नास-साठ तुकडे झाले की जड वाटू लागतं. त्यामुळे दर आठवड्याच्या कामासाठी ते आमची पहिली पसंती नाही.

शॉटकट आणि केडनलाइव्ह दिसायला वेगळी असली तरी दोघांच्या पोटात एकच इंजिन आहे, एमएलटी नावाचं. म्हणून अंतिम फाइलच्या दर्जात फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो हाताळणीत. शॉटकटमध्ये पडद्यावर गर्दी कमी. केडनलाइव्हमध्ये ट्रॅक, सबटायटल, शीर्षकं आणि बॅकअप यांची सोय जास्त. दोन्ही दोन-दोन संध्याकाळी वापरून पाहा. मात्र पक्कं ठरवण्याआधी खालची चाचणी घ्या, कारण यादीतली वैशिष्ट्यं वाचून एडिटर कळत नाही. तुमची स्वतःची फाइल त्यात घातली की कळतो.

‘मोफत’ म्हणजे नक्की काय? शेवटी वॉटरमार्क येतो का?

मोफतचे तीन प्रकार बाजारात दिसतात. पहिला मुक्त स्रोत: शॉटकट, केडनलाइव्ह, ओपनशॉट. यांत काहीही कुलूपबंद नाही आणि वॉटरमार्क नाही. दुसरा प्रकार म्हणजे विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती. रिझॉल्व्ह त्यातलं. ते ३८४० बाय २१६० पर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत व्हिडिओ बाहेर काढून देतं, नवशिक्याला ते पुरून उरतं. पण काही इफेक्ट फक्त विकतच्या ‘स्टुडिओ’ आवृत्तीचे असतात. ते यादीत दिसतात, लावताही येतात, आणि लावले की चित्रावर वॉटरमार्क उमटतो. तसं झालं तर घाबरू नका, तो इफेक्ट काढला की वॉटरमार्कही जातो.

तिसरा प्रकार चाचणी आवृत्त्यांचा. जोडकाम मोफत, पण फाइल बाहेर काढताना पैसे, किंवा ७२० पी ची मर्यादा, किंवा मधोमध कंपनीचं नाव. ही अट मुखपृष्ठावर नसते, Export चं बटण दाबल्यावर दिसते. म्हणून कोणतंही नवं सॉफ्टवेअर बसवलं की पहिल्या दहा मिनिटांत एक दहा सेकंदांचा तुकडा टाका, काहीही न कापता बाहेर काढा आणि तो व्हीएलसीमध्ये उघडून पाहा. तीन तास काम केल्यावर हे कळणं वाईट.

माझा लॅपटॉप साधा आहे. चालेल का?

चालेल, पण व्हिडिओ अडखळतो तेव्हा दोष नेमका कुठे आहे ते ओळखा. फोनचा व्हिडिओ जागा वाचवण्यासाठी फार दाबलेला असतो. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. सरळ चालवताना हे सोपं जातं. जोडकामात मात्र आपण पुढेमागे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब करत यावं लागतं. एच.२६५ हा प्रकार एच.२६४ पेक्षा जास्त दाबलेला, म्हणून जुन्या लॅपटॉपवर जास्त त्रास देतो.

यावर उपाय प्रॉक्सी. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक हलकी, लहान प्रत बनवतं, तुम्ही त्या प्रतीवर काम करता आणि अंतिम फाइल मूळ क्लिपमधूनच तयार होते. शॉटकटमध्ये Settings > Proxy > Use Proxy. केडनलाइव्हमध्ये Project Settings मध्ये प्रॉक्सीचा भाग आहे, तिथे खूण केली की ठरावीक मापापेक्षा मोठ्या क्लिपच्या प्रती आपोआप होतात. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर उजवी क्लिक करून Generate Proxy Media. त्याआधी एक सोपी युक्ती करून पाहा: शॉटकटमध्ये Settings > Preview Scaling मधून ३६० पी निवडा. पुष्कळदा तेवढ्यानेच अडखळणं थांबतं. फक्त तुम्हाला दिसणारं चित्र थोडं धूसर होतं, बाहेर पडणारं नाही.

प्रॉक्सी लावूनही संगणक थिजत असेल, तर रॅम तपासा. विंडोजमध्ये Ctrl+Shift+Esc दाबून Memory पाहा. एडिटर चालू असताना आकडा सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर ब्राउझर बंद करा. एडिटर बदलून फार उपयोग होणार नाही.

फोनचा व्हिडिओ टाकला की सुरुवातीला आवाज जुळतो आणि शेवटी ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. सॉफ्टवेअर खराब आहे का?

नवशिक्यांनी एडिटर बदलण्याचं हे सगळ्यात मोठं कारण असतं, आणि पुष्कळदा चुकीचं. दोष फाइलमध्ये असतो.

फोन दर सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो मध्येच २७-२८ वर येतो आणि पुन्हा वर जातो. याला बदलता फ्रेमदर म्हणतात. आवाज मात्र अखंड, घड्याळाप्रमाणे चालतो. एडिटरने प्रत्येक फ्रेमची नोंदलेली वेळ नीट पाळली नाही आणि सगळ्या फ्रेम ‘सेकंदाला ३०’ धरून मांडल्या, तर चित्र आवाजाच्या पुढे पळतं. हिशेब करून पाहू. २० मिनिटांच्या भाषणाचा सरासरी फ्रेमदर २९.८७ असेल, तर १२०० सेकंदांत ३५,८४४ फ्रेम झाल्या. त्या ३० च्या दराने चालवल्या तर ११९४.८ सेकंदांत संपतात. म्हणजे शेवटाला तब्बल पाच सेकंदांचा फरक. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये हाच फरक अर्ध्या सेकंदाचा, म्हणून छोट्या चाचणीत तो ‘थोडंसं चुकतंय’ एवढाच वाटतो.

ओळखायचं कसं? टाळी वाजवून. फोन चालू करा, कॅमेऱ्यासमोर एक टाळी, दहा मिनिटं चित्रीकरण चालू, शेवटी पुन्हा टाळी. क्लिप टाइमलाइनवर टाकून दोन्ही टाळ्या एकेक फ्रेम सरकवत पाहा. हात जुळतात ती फ्रेम आणि आवाजाच्या रेषेतला सुळका एकाच जागी हवा. दोन्ही टाळ्या सारख्याच चुकल्या, तर आवाज तेवढा सरकवला की काम झालं. पहिली बरोबर आणि शेवटची चुकली, तर बदलत्या फ्रेमदराचा संशय घ्या. एका फ्रेमचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, चार-पाच फ्रेमचा येतो.

मीडियाइन्फो या मोफत साधनात फाइल उघडली की Frame rate mode समोर Variable किंवा Constant असं लिहिलेलं दिसतं. एफएफएमपेग हे आज्ञा लिहून चालवायचं मोफत साधन बसवलेलं असेल तर हेही चालेल:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,pix_fmt,r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 clip.mp4
```

शेवटचे दोन आकडे एकमेकांपासून वेगळे आले तर फ्रेमदर बदलता असण्याची शक्यता मोठी.

उपाय एकच: जोडकाम सुरू करण्याआधी फाइल स्थिर फ्रेमदराची करून घ्या. शॉटकट अशी क्लिप ओळखून स्वतःच रूपांतर सुचवतं, नाहीतर Properties मध्ये Convert चं बटण आहे. केडनलाइव्हही तसंच विचारतं. ती खिडकी कटकट समजून बंद करू नका. हँडब्रेक या फाइल रूपांतराच्या मोफत साधनात Video च्या भागात ३० निवडून Constant Framerate वर खूण करा. ढीगभर क्लिपा असतील तर ही आज्ञा:

```
ffmpeg -i clip.mp4 -r 30 -fps_mode cfr -c:v libx264 -crf 18 -preset fast -c:a aac -b:a 192k clip_cfr.mp4
```

जुन्या एफएफएमपेगमध्ये `-fps_mode` ऐवजी `-vsync` लिहावं लागतं. रूपांतर झाल्यावर मूळ फाइल लगेच पुसू नका.

वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा दुसऱ्या फोनवर आवाज घेत असाल तर फ्रेमदर स्थिर असूनही लांब मुलाखतीत थोडा फरक पडतो, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. तिथे बोलण्यातल्या विरामांत आवाज कापून दर पाच-दहा मिनिटांनी जुळवून घ्यावा.

आयफोनचा व्हिडिओ एडिटरमध्ये पांढुरका किंवा भडक दिसतो.

आयफोन १२ पासून कॅमेरा एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला पकडणाऱ्या प्रकारात, चित्रण करू शकतो. साध्या रंगांच्या टाइमलाइनवर ते टाकलं की चेहरे उजळून पांढरे पडतात. वरच्या `ffprobe` आज्ञेत `pix_fmt` समोर `yuv420p10le` आलं तर बहुधा हेच कारण. साधा उपाय म्हणजे पुढच्या वेळी Settings > Camera > Record Video मध्ये HDR Video बंद करणं आणि Camera > Formats मध्ये Most Compatible निवडणं. आधीच चित्रित केलेल्या क्लिपांचा रंग सुधारण्यासाठी रिझॉल्व्ह सगळ्यात बरं. बाकीच्यांत हाताने उजेड कमी करून काम भागतं, पण कष्ट फार लागतात.

मराठी शीर्षकं नीट येतील का?

हा प्रश्न इंग्रजी परीक्षणांमध्ये कुणी विचारत नाही, आणि आपल्यासाठी तोच निर्णायक. देवनागरीत अक्षरं नुसती शेजारी ठेवून भागत नाही. वेलांटी व्यंजनाच्या आधी यावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढावा लागतो, जोडाक्षरं जुळावी लागतात. ही जुळणी सॉफ्टवेअरमधलं अक्षरांचं इंजिन करतं. शॉटकट आणि केडनलाइव्ह यांची शीर्षकं क्यूटी या व्यवस्थेवर चालतात आणि तिथे देवनागरी व्यवस्थित उमटते. रिझॉल्व्हमध्ये दोन प्रकारची शीर्षकं असतात, Text आणि Text+. Text+ ने भारतीय लिप्यांची मोडतोड केल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. त्यामुळे तुम्ही बसवलेल्या आवृत्तीत दोन्ही स्वतः तपासा.

तपासायला ही ओळ डकवा:

दऱ्या, दर्या, किल्ला, र्‍हास, श्रीक्षेत्र, विठ्ठल, ज्ञान, कर्तृत्व, ह्रस्व, ऑगस्ट

पहिले दोन शब्द मुद्दाम शेजारी आहेत. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र म्हणजे दर्या. पहिल्यात रफार नसून अर्धा ऱ यायला हवा. तो दोन्हीकडे सारखाच दिसला तर हे साधन मराठीच्या कामाचं नाही, हिंदी त्यात ठीक उमटत असली तरी. ‘र्‍हास’मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. काही खिडक्या डकवताना ते गाळतात आणि ‘र्हास’ होतो. ‘किल्ला’तली वेलांटी क च्या नंतर आली, कुठे ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, ‘विठ्ठल’मध्ये पाय मोडलेला ठ दिसला, तर इंजिन जुळणी करत नाही किंवा फॉन्टमध्ये ते जोडाक्षर नाही. दुसरा युनिकोड फॉन्ट लावून पाहा. तरीही तसंच राहिलं तर दोष सॉफ्टवेअरचा.

शब्द बरोबर उमटले तरी तीन गोष्टी नंतर दगा देतात. एक, अक्षरांमधलं अंतर वाढवायची पट्टी. इंग्रजीत ती शोभा आणते, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे करते. दोन, एकेक अक्षर टंकल्यासारखं उमटणारा इफेक्ट. तो मात्रा आणि जोडाक्षरं अर्धवट दाखवत जातो. त्याऐवजी अख्खा शब्द किंवा ओळ आणा. तीन, अक्षरांची किनार. काही फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात आणि जाड किनार लावली की सांध्यांवर रेघा दिसतात. ‘र्कीं’सारख्या ठिकाणी वरचा अनुस्वार चौकटीबाहेर कापला जातो का, तेही पाहून घ्या.

फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्त, नोटो सान्स देवनागरी, बालू हे मोफत आहेत आणि खुल्या परवान्यामुळे व्यावसायिक व्हिडिओतही चालतात. मुक्त आणि बालू हे मुंबईच्या एक टाइप या गटाचं काम. विंडोजमध्ये फॉन्ट बसवताना Install for all users निवडा, कारण एकाच वापरकर्त्यापुरता बसवलेला फॉन्ट काही सॉफ्टवेअरना दिसत नाही.

आणि सगळं आवडलं पण शीर्षकंच मोडतात असं झालं तर? इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत साधनात १९२० बाय १०८० च्या पारदर्शक पानावर शीर्षक लिहून पीएनजी काढा आणि ते चित्र म्हणून वरच्या ट्रॅकवर टाका. व्हिडिओमागे चार शीर्षकं असतील तर हे निभावतं. चाळीस ओळींची सबटायटल असतील तर नाही.

चाचणी नेमकी कशी घ्यायची?

समजा, एक शिक्षिका दहावीच्या विज्ञानाचे दर आठवड्याला १२ मिनिटांचे व्हिडिओ करणार आहेत. अँड्रॉइड फोन, १०८० पी, ३० फ्रेम. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, २५६ जीबी एसएसडी, त्यात मोकळे ९० जीबी. विंडोज. त्यांनी अख्खा धडा न घेता तीन मिनिटांचा व्हिडिओ करावा, पण त्यात खऱ्या कामातली प्रत्येक गोष्ट असावी: फोनच्या तीन क्लिपा, त्यातली एक दहा मिनिटांची आणि टाळ्यांसह; फळ्याचा एक फोटो; वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज; मराठी शीर्षक आणि पाच ओळींची सबटायटल; पार्श्वसंगीत.

प्रोजेक्ट उघडतानाच १०८० पी आणि ३० फ्रेम स्वतः निवडायचे. शॉटकट Automatic वर सोडलं तर ते पहिल्या टाकलेल्या क्लिपवरून माप घेतं. पहिली क्लिप उभी असेल तर अख्खा प्रोजेक्ट उभा होतो. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेमदर क्लिपा टाकल्यानंतर बदलता येत नाही. तिथे पहिल्या क्लिपसोबत येणाऱ्या प्रश्नाला विचार न करता उत्तर देणं महागात पडतं.

मग घड्याळ लावून तीन वेळा नोंदवायच्या. जोडकामाला किती वेळ लागला, हे शिकण्यावर अवलंबून असल्याने पहिल्या दिवशी मनावर घेऊ नये. फाइल बाहेर पडायला किती लागला, हे महत्त्वाचं. तीन मिनिटांना सहा मिनिटं लागली तर १२ मिनिटांच्या धड्याला साधारण २४. चहा होईपर्यंत होतं, ठीक. तीन मिनिटांना तीस लागली तर धड्याला दोन तास, आणि एक शब्द चुकला की पुन्हा दोन तास. अशा वेळी शॉटकटच्या Export मध्ये Use hardware encoder वर खूण करून पुन्हा मोजावं. तिसरी वेळ दुरुस्तीची: दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडून शीर्षकातला एक शब्द बदलायचा, मधला पाच सेकंदांचा तुकडा काढायचा आणि पुढचं सगळं मागे सरकवायचं. सरकवताना सबटायटल आणि संगीत आपापल्या जागी राहिले का? नियमित कामात वेळ खातं ते हेच, आणि एडिटर खरा कळतो तोही इथेच.

शेवटी तयार फाइल फोनवर आणि टीव्हीवर लावून पाहायची. लॅपटॉपवर ठीक वाटलेली सबटायटल फोनवर वाचता येत नाहीत, हे चाचणीतच कळलेलं बरं.

डिस्कवर किती जागा लागेल?

फोनचा १०८० पी, ३० फ्रेमचा व्हिडिओ सेकंदाला १७ मेगाबिटच्या आसपास असेल तर मिनिटाला सुमारे १३० एमबी. १२ मिनिटांच्या धड्यासाठी ४० मिनिटांचं चित्रण धरा, म्हणजे पाच जीबी. इथवर ठीक. पण वर सांगितलेलं रूपांतर करताना शॉटकट दर्जाचे तीन पर्याय देतं. त्यातला मधला पर्याय प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या कमी दाबलेल्या प्रकारांचा असतो, आणि तो मिनिटाला सुमारे १.१ जीबी खातो. त्याच ४० मिनिटांचे ४४ जीबी. वरच्या उदाहरणातल्या लॅपटॉपची मोकळी जागा दोन धड्यांत संपेल. अशा ठिकाणी लहान पर्याय घ्या, आणि आधी अख्खी क्लिप नको, लागणारा तुकडाच कापून रूपांतरित करा.

प्रोजेक्ट उघडला तर क्लिपांच्या जागी लाल खुणा. व्हिडिओ गेला का?

गेला नाही. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. ‘अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप इथून इथपर्यंत’ अशी चिठ्ठी असते. फोल्डर हलवला, पेनड्राइव्ह काढला, क्लिपचं नाव बदललं की चिठ्ठीवरचा पत्ता चुकतो. म्हणून फोनवरून क्लिपा थेट टाइमलाइनवर ओढू नका. आधी एक फोल्डर करा, त्यात व्हिडिओ, आवाज, चित्रं असे उपफोल्डर, आणि प्रोजेक्ट फाइल त्याच मुख्य फोल्डरमध्ये. शॉटकटमध्ये अशा रचनेत पत्ते सापेक्ष राहतात, म्हणजे अख्खा फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तरी उघडतो. केडनलाइव्हमध्ये Project > Archive Project सगळं एका जागी गोळा करून देतं.

रिझॉल्व्हची पद्धत निराळी आहे आणि इथे माणसं फसतात. त्याचे प्रोजेक्ट त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात. व्हिडिओचा फोल्डर जपून ठेवला आणि विंडोज नव्याने बसवलं, की क्लिपा हातात आणि जोडकाम गायब. Project Manager मधून Export Project करून `.drp` फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवा. क्लिपांसकट हवं असेल तर Archive, त्याची `.dra` होते.

बसवल्याच्या पहिल्याच आठवड्यात एकदा मुद्दाम फोल्डरचं नाव बदलून प्रोजेक्ट उघडा आणि क्लिपा पुन्हा जोडून पाहा. रंगीत तालीम समजा.

नवी आवृत्ती आली की लगेच घ्यावी का?

काम अर्धवट असताना नाही. नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नसतं. रिझॉल्व्हमध्ये तर डेटाबेसच वरच्या आवृत्तीचा होतो आणि मागे परतता येत नाही. हातातलं काम संपवा, बॅकअप घ्या, मग अद्ययावत करा. शॉटकटची पोर्टेबल झिप मिळते. जुनी आवृत्ती तशीच ठेवून नवी शेजारच्या फोल्डरमध्ये उघडून पाहता येते.

लिनक्सवर रिझॉल्व्ह चालतं असं वाचलं. मग माझ्या एमपी४ का उघडत नाहीत?

कारण लिनक्सवरची मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ वाचत नाही, आणि फोन बहुतेक तेच देतो. फाइल दिसली तरी चित्र येत नाही, आणि बहुधा आवाजही येत नाही. प्रत्येक क्लिप आधी डीएनएक्सएचआरमध्ये बदलावी लागते, म्हणजे वरचा मिनिटाला १.१ जीबीचा हिशेब आला. लिनक्सवर असाल तर केडनलाइव्ह घ्या आणि मोकळे व्हा.

उद्या सॉफ्टवेअर बदलावं लागलं तर जुनं काम नेता येईल का?

पूर्ण नाही. कोणता तुकडा कुठे कापला एवढी यादी ईडीएल, एक्सएमएल किंवा ओपनटाइमलाइनआयओ अशा फाइलमधून बऱ्यापैकी जाते. शीर्षकं, इफेक्ट, रंग, आवाजाचे चढउतार बहुतेक मागेच राहतात. म्हणून प्रत्येक संपलेल्या व्हिडिओच्या चार गोष्टी जपा: मूळ क्लिपा, उच्च दर्जाची अंतिम फाइल, सबटायटलची `.srt` आणि शीर्षकं व संगीत नसलेली एक प्रत. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि धड्यातलं एक वाक्य सुधारायचं झालं, तर ही शेवटची प्रत तास वाचवते.

प्रोजेक्टची फाइल तुमच्या डिस्कवर आहे की कुणाच्या सर्व्हरवर किंवा ॲपच्या पोटात, हेही पाहा. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत विवाव्हिडिओ हे एडिटिंगचं ॲपही होतं. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. अशा ॲपमध्ये अर्धवट राहिलेलं काम दुसरीकडे उघडत नाही, एवढं इथे पुरे.

पैसे घेऊन लग्नाचे किंवा संस्थांचे व्हिडिओ करतो. मोफत सॉफ्टवेअर कायद्याने चालतं का?

शॉटकट, केडनलाइव्ह आणि ओपनशॉट यांचे परवाने सॉफ्टवेअरच्या वाटपाला लागू होतात, तुमच्या व्हिडिओला नाही. व्हिडिओ तुमचा, विका. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीवरही व्यावसायिक काम करता येतं. अडचण येते ती एडिटरमध्ये भरून दिलेल्या संगीताची, चित्रांची आणि तयार साच्यांची. काही ॲपमध्ये ते ‘वैयक्तिक वापरासाठी’ असतात आणि अट वेगळ्या पानावर दडलेली असते. संगीत बाहेरून, परवाना वाचून घ्या आणि त्या परवान्याची प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच टाकून ठेवा. व्हिडिओवर दावा आला की तीच दाखवायची असते.

डाउनलोड कुठून करायचं?

`shotcut.org`, `kdenlive.org`, `openshot.org` आणि रिझॉल्व्हसाठी `blackmagicdesign.com`. पत्ता स्वतः टाइप करा, कारण शोधात सगळ्यात वर येणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो आणि त्या पानावरचं हिरवं ‘डाउनलोड’ बटण भलतंच काही बसवतं. रिझॉल्व्ह डाउनलोडआधी नाव आणि ईमेलचा फॉर्म भरून घेतं, त्यात गैर काही नाही. शॉटकट बसवताना कुणी अनुक्रमांक किंवा ‘क्रॅक’ मागितला, तर ते शॉटकट नव्हे.